बटर आणि साखर फेसताना केकची जाळी कशी ठरते

साध्या बटर केकच्या बहुतेक कृतींमध्ये पहिलीच सूचना असते, ती म्हणजे बटर आणि साखर हलके व फिकट होईपर्यंत फेसावे. बटर किती गार असावे, फेसणे कुठे थांबवावे आणि ते कमी किंवा जास्त झाले तर कापलेल्या केकमध्ये नेमके काय दिसेल, हे मात्र त्या ओळीत नसते. नवीन माणूस मग पुढच्या पायऱ्यांवर, म्हणजे बेकिंग पावडरवर आणि ओव्हनवर, सगळी भिस्त ठेवतो. हा केक मी वर्षानुवर्षे करत आले आहे आणि माझे स्पष्ट मत असे आहे की त्याची जाळी बारीक होणार की भरड, हे मैदा भांड्यात पडण्यापूर्वीच बव्हंशी ठरलेले असते. म्हणून या लेखात फेसण्याच्या पायरीवर सर्वांत जास्त भर दिला आहे आणि पुढच्या पायऱ्या तिच्याशी जोडूनच सांगितल्या आहेत.

१. फेसताना आत काय घडते, हे आधी समजून घ्या

साखरेच्या दाण्याला कडा आणि कोपरे असतात. बीटर फिरू लागला की हे दाणे मऊ बटरमध्ये घासत पुढे सरकतात आणि जाताना आपल्याबरोबर थोडी थोडी हवा आत ओढतात. बटरमधली चरबी खोलीच्या तापमानाला अर्धवट घट्ट आणि अर्धवट पातळ असते. तिच्यातले सूक्ष्म घट्ट कण हवेच्या बुडबुड्याभोवती बसतात आणि त्याला जागच्या जागी धरून ठेवतात. बीटर फिरत राहतो तसतसे मोठे बुडबुडे तुटून लहान होतात आणि त्यांची संख्या वाढत जाते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बेकिंग पावडर केकमध्ये नवे बुडबुडे तयार करत नाही. तिच्यातून निघणारा वायू आणि ओव्हनमध्ये पाण्याची होणारी वाफ मिश्रणात आधीपासून असलेल्या बुडबुड्यांत शिरतात आणि त्यांना फुगवतात. म्हणजे किती छिद्रे असतील, हे फेसताना ठरते, आणि ती किती मोठी होतील, हे नंतर ठरते. बुडबुडे भरपूर आणि लहान असतील, तर वायू सगळ्यांत वाटला जातो, प्रत्येक छिद्र लहान राहते, त्यांच्यामधल्या भिंती पातळ होतात आणि केक मऊ लागतो. बुडबुडे मोजकेच असतील, तर तेवढाच वायू त्या थोड्यांमध्ये कोंबला जातो, छिद्रे मोठी आणि वेडीवाकडी होतात आणि त्यांच्यामधला भाग जाड व दाट राहतो. कमी फेसलेल्या केकमध्ये बेकिंग पावडर वाढवली की तो हलका होण्याऐवजी आणखी भरड का होतो, याचे कारण हेच आहे.

२. साहित्य आणि साधने

येथे २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल टिनमध्ये बसणारा केक धरला आहे.

- बिनमिठाचे बटर, २०० ग्रॅम
- बारीक दाण्याची साखर, २०० ग्रॅम
- कवचाशिवाय प्रत्येकी सुमारे ५० ग्रॅम भरतील अशी ४ अंडी
- मैदा, २०० ग्रॅम
- बेकिंग पावडर, सपाट सव्वा चमचा (लहान चमचा)
- मीठ, पाव लहान चमचा
- दूध, २ ते ३ मोठे चमचे
- इच्छेनुसार व्हॅनिला

साधनांमध्ये हँड मिक्सर, खोलगट भांडे, रबरी स्पॅच्युला आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा लागेल. सुईसारखा आत खुपसता येणारा तापमापक असेल, तर पहिल्या काही वेळा त्याचा फार उपयोग होतो. त्याशिवाय १०० मिलिलीटरच्या आसपास मावेल असा एक लहान कप बाजूला ठेवा. त्याचे काम पाचव्या पायरीत आहे.

३. बटर योग्य तापमानावर आणा

फेसायला सुरुवात करताना बटर १८ ते २० अंश सेल्सिअसवर असावे. ‘खोलीच्या तापमानाचे बटर’ ही सूचना नवख्या माणसाला हमखास फसवते, कारण उष्ण दिवसात खोली ३० अंशांवर असू शकते आणि तेवढ्या तापमानाला बटरमधली बरीचशी चरबी वितळलेली असते. ज्या घट्ट कणांनी हवेला धरायचे, तेच कमी पडले की बुडबुडे एकमेकांत मिसळतात, वर येतात आणि निघून जातात. अशा बटरला कितीही वेळ फेसले, तरी ते फुलत नाही, उलट अधिक चकचकीत आणि ओघळते होत जाते.

फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या बटरची अडचण याच्या उलट असते. ते इतके कडक असते की साखरेचे दाणे त्यात सरकत नाहीत, नुसते बाहेरून चिकटतात. बीटरच्या तारांत बटरचा गोळा अडकून फिरत राहतो आणि हवा जवळजवळ जातच नाही.

तापमापक नसेल, तर बोटाने पाहा. बोट दाबल्यावर स्वच्छ खळगा पडला पाहिजे, पण बोट सहज तळापर्यंत बुडता कामा नये. पृष्ठभाग निस्तेज असावा, त्यावर तेलकट चमक नसावी. बटरचा तुकडा हातात घेऊन वाकवला, तर तो न तुटता वाकला पाहिजे. फ्रिजमधले बटर दोन सेंटिमीटरचे तुकडे करून ताटात पसरून ठेवले, तर ते अख्ख्या लादीपेक्षा बरेच लवकर आणि आतबाहेर सारखे मऊ होते.

येथे एक सापळा आहे आणि त्यात पुष्कळ जण अडकतात. घाई असली की बटर मायक्रोवेव्हमध्ये ठेवले जाते, मधला भाग वितळतो आणि मग ते पुन्हा फ्रिजमध्ये घट्ट करून वापरले जाते. दिसायला ते पूर्वीसारखेच असते, पण एकदा वितळले की त्यातले पाणी आणि चरबी वेगळी होतात, आणि पुन्हा गोठताना चरबीचे पूर्वीसारखे बारीक कण तयार होत नाहीत. असे बटर फेसल्यावर रवाळ लागते आणि हवा नीट धरत नाही. ते दुसऱ्या पदार्थाला वापरावे, या केकला वापरू नये.

४. साखरेचा दाणा पाहा

हवा आत नेण्याचे काम दाण्याच्या कडा करतात, म्हणून साखर बारीक हवी, पण पीठ झालेली नको. दाणा बारीक असला की ठरावीक वजनात दाण्यांची संख्या जास्त, म्हणून कडाही जास्त. मात्र पिठी साखरेचे कण इतके सूक्ष्म असतात की बटरमध्ये ते नुसते मिसळून जातात आणि हवा फारशी आत जात नाही. अशा केकची जाळी घट्ट आणि बसकी येते. जाड दाण्याच्या साखरेत कडा कमी असतात आणि न विरघळलेले दाणे भाजताना वरच्या सालीवर गडद ठिपके पाडतात. जाडच साखर हाताशी असेल, तर ती मिक्सरच्या भांड्यात काही सेकंद थांबत थांबत फिरवावी आणि बोटांत घेतल्यावर बारीक वाळूसारखी लागू लागताच थांबावे.

५. फेसा आणि वेळोवेळी थांबून तपासा

प्रथम नुसते बटर मंद गतीवर अर्धा मिनिट फिरवून एकजीव करून घ्या. मग साखर घाला आणि गती मध्यम करा. सर्वांत जास्त गती वापरू नये, कारण त्याने मिश्रण लवकर तापते. बीटरच्या घर्षणाने बटर गरम होतच असते. १८ अंशांवर सुरुवात केलेले मिश्रण शेवटी २१-२२ अंशांपर्यंत पोहोचते आणि त्यापुढे ते जाऊ देऊ नये, ही मर्यादा लक्षात ठेवली की सुरुवातीचे तापमान थोडे कमी का हवे, हेही कळते.

पहिल्या मिनिटाला मिश्रण ओल्या वाळूसारखे, पिवळे आणि जड दिसेल. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला ते गोळा सोडून भांड्याच्या कडांना पसरू लागते आणि रंग किंचित उजळतो. याच टप्प्यावर बहुतेक जण थांबतात, कारण दोन्ही गोष्टी मिसळल्या गेल्या असे वाटते. प्रत्यक्षात मिसळणे पूर्ण झालेले असते, फेसणे नुकते सुरू झालेले असते. येथे एकदा थांबून स्पॅच्युलाने भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या. तळाशी राहिलेले न फेसलेले बटर पुढे मिश्रणात तसेच जाते आणि भाजल्यावर केकमध्ये तेलकट रेघा दिसतात.

हँड मिक्सरच्या मध्यम गतीवर पाचव्या ते सातव्या मिनिटाच्या दरम्यान रंग पिवळ्यावरून फिकट दुधाळ होतो. हा रंग बदलणे म्हणजे बटरच्या रंगावर झालेली कुठली प्रक्रिया नव्हे. आत अडकलेल्या असंख्य बुडबुड्यांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून मिश्रण पांढरट दिसते. बीटर उचलल्यावर मिश्रणाचे मऊ टोक उभे राहते आणि हळूच वाकते, आणि तारांनी भांड्यात पाडलेल्या रेषा पुसल्या जात नाहीत. लाकडी चमच्याने हाताने फेसणाऱ्याला याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो, आणि तो दिलाच पाहिजे.

साखर विरघळेपर्यंत फेसावे, ही सूचना अनेक ठिकाणी दिसते, पण ती पाळू नये, कारण ते या टप्प्यावर होऊच शकत नाही. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असते, म्हणजे २०० ग्रॅम बटरमध्ये ३२ ग्रॅमच्या आसपास. खोलीच्या तापमानाला पाण्यात त्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट साखर विरघळते. म्हणजे हे सगळे पाणी कामी आले, तरी २०० ग्रॅमपैकी फार तर ६५ ग्रॅम साखर विरघळेल. बाकीची अंडी आणि दूध घातल्यावर विरघळते. बोटांत थोडे दाणे लागले म्हणून फेसत राहिलात, तर मिश्रण तापून मिळवलेली हवा गमवाल.

डोळ्यांवर भरवसा बसेपर्यंत वजनाची परीक्षा करावी, असे मी आग्रहाने सांगेन. मघाशी बाजूला ठेवलेला लहान कप काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, तो काठोकाठ पाण्याने भरा आणि वजन लिहून ठेवा. समजा, ते १०० ग्रॅम आले. कप पुसून कोरडा करा. आता फेसताना मधूनमधून त्याच कपात मिश्रण भरा, मोठ्या पोकळ्या राहू देऊ नका, पण दाबूही नका, आणि सुरीने वरचा भाग सपाट करून वजन करा. हवा अजिबात नसलेले समान वजनाचे बटर आणि साखर या कपात सुमारे ११५ ग्रॅम भरेल. वजन ९५ ग्रॅमच्या आसपास असेल, तर काम अर्ध्यावर आहे. ते ८५ ग्रॅमपर्यंत उतरले, की कपातल्या जागेपैकी पाव हिश्शाहून अधिक जागा हवेने घेतली आहे आणि बारीक जाळीला एवढे पुरते. त्यानंतर दीड-दोन मिनिटे फेसूनही वजन उतरत नसेल, तर थांबा. वजन पुन्हा वाढू लागले, तर बटर तापले आहे आणि हवा निसटते आहे, हे नक्की समजा. तपासलेले मिश्रण अर्थातच परत भांड्यात घालायचे.

मिश्रण मध्येच चकचकीत आणि पातळ वाटू लागले, तर भांडे फ्रिजमध्ये पाच-सात मिनिटे ठेवा, कडा खरवडा आणि पुन्हा फेसा. बटर नुसते मऊ झाले असेल, तर बहुतेक वेळा ते सावरते. तेल सुटून वेगळे दिसू लागले असेल, तर सावरत नाही.

६. अंडी थोडी थोडी घाला

फेसून मिळवलेली हवा सर्वांत सहज वाया जाते ती या पायरीवर. अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, म्हणजे चार अंड्यांबरोबर जवळपास १५० ग्रॅम पाणी तुम्ही चरबीत मिसळत आहात. अंड्याच्या बलकात लेसिथिन असते आणि ते पाणी व चरबी यांना एकत्र धरते, पण एका वेळी किती पाणी धरता येईल याला मर्यादा आहे. म्हणून अंडी एका वाटीत हलकेच फेटून घ्या आणि आठ-दहा भागांत घाला. प्रत्येक भाग पूर्ण मुरल्यावर, म्हणजे मिश्रण पुन्हा गुळगुळीत झाल्यावरच पुढचा भाग घालावा.

अंडी २० अंशांच्या आसपास हवीत. फ्रिजमधली थंड अंडी घातली, तर चरबी एकदम घट्ट होते आणि मिश्रण फाटते, म्हणजे पातळ पाण्यात बटरचे दाणे तरंगताना दिसतात. अंडी कवचासकट कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवली, तरी हे टळते. तरीही फाटलेच, तर मोजून ठेवलेल्या मैद्यातला एक मोठा चमचा घालून फेसा, आणि भांड्याला हात लावल्यावर ते गार लागत असेल, तर बाहेरून कोमट ओले फडके काही क्षण धरा. फाटलेल्या मिश्रणाचा केक टाकून देण्याजोगा होत नाही, हे येथे सांगायलाच हवे. मैदा पडल्यावर ते वरवर जुळून येते. पण फाटताना काही बुडबुडे फुटलेले असतात आणि त्या केकची जाळी नीट जमलेल्या केकपेक्षा भरड येते.

ही पायरी भाजण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. ओव्हनमध्ये ३५ अंशांच्या आसपास बटर पूर्ण वितळते आणि आतापर्यंत चरबीने धरलेले बुडबुडे मिश्रणातल्या पाणीदार भागात येतात. तेथून पुढे त्यांच्याभोवतीचे पापुद्रे अंड्यातल्या प्रथिनांचे असतात. अंडी नीट मुरलेली असतील, तर हे हस्तांतर सुरळीत होते.

७. मैदा आणि दूध

मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून तीन भागांत घाला आणि मधल्या दोन वेळा दूध घाला. मिक्सर एकतर सर्वांत मंद ठेवा, नाहीतर सरळ स्पॅच्युला वापरा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. येथे जास्त ढवळले, तर मैद्यातले ग्लुटेन ताणले जाते, केक चिवट होतो आणि जाळीत खालून वर जाणारी लांबट बोगद्यांसारखी छिद्रे दिसतात. तयार मिश्रण चमच्यातून लगेच ओघळू नये, झटकल्यावर एका गोळ्यात पडावे.

८. भाजणे

टिनला आतून बटर लावून तळाशी कागद घाला आणि मिश्रण भरून वरचा भाग समान करा. ओव्हन आधीच १७० अंशांवर तापलेला असावा. हा केक ४० ते ४५ मिनिटांत होतो. मध्यभागी घातलेली काडी कोरडी निघाली आणि बोटाने दाबलेला भाग परत वर आला, की तो काढावा. भरलेला टिन ओव्हनची वाट पाहत ओट्यावर ठेवू नका, कारण बेकिंग पावडरचे काम ओलावा लागताच सुरू होते. केक पूर्ण गार होईपर्यंत कापू नका. गरम केकमध्ये जाळी अजून घट्ट झालेली नसते आणि सुरीखाली ती चिकटून दाट दिसते, त्यामुळे पुढच्या पायरीतले निदान चुकते.

९. कापलेला केक वाचायला शिका

वरचेच प्रमाण, तोच टिन आणि तोच ओव्हन ठेवून फक्त फेसणे बदलले, तर तीन निराळे केक मिळतात. शक्य असेल, तर हे एकदा मुद्दाम करून पाहावे आणि तिन्हीचे काप शेजारी शेजारी ठेवावेत.

पहिल्यात बटर-साखर दीड मिनिटच फिरवलेली असते आणि कपातले वजन १०५ ग्रॅमच्या आसपास असते. हा केक बसका राहतो आणि बहुधा मध्यभागी तडकतो. कापात मोठी छिद्रे विखुरलेली दिसतात आणि त्यांच्यामधला भाग घट्ट असतो. घास तोंडात जड लागतो आणि त्याचा गोळा होतो.

दुसऱ्यात १८ अंशांच्या बटरपासून सुरुवात करून वजन ८५ ग्रॅमवर आणलेले असते. हा केक सर्वांत उंच नसेल, पण काठापासून मध्यापर्यंत त्याची उंची जवळपास सारखी असते. छिद्रे बारीक आणि एकसारखी असतात, कापाची कड सरळ राहते, ताटात भुगा फारसा पडत नाही आणि बोटाने दाबलेला खळगा हळूहळू भरून येतो.

तिसऱ्यात उन्हाळी खोलीतले, २७-२८ अंशांचे बटर बारा मिनिटे फेसलेले असते. वेळ सर्वांत जास्त देऊनही वजन ९५ ग्रॅमच्या खाली उतरत नाही. हा केक कडेला तेलकट दिसतो, तळाशी बोटभर दाट, ओलसर थर बसतो आणि वरच्या भागात छिद्रे असमान असतात. नवखी माणसे या थराला कच्चेपणा समजतात आणि पुढच्या वेळी केक दहा मिनिटे जास्त भाजतात. त्याने कडा कोरड्या होतात आणि थर तसाच राहतो, कारण दोष भाजण्यात नसून बटर मऊ पडल्यामुळे हवा न टिकण्यात आहे. काडी मध्यभागातून कोरडी निघाली असूनही तळाचा थर दाट असेल, तर पुढच्या वेळी ओव्हनला हात लावू नका, बटर आठ-दहा अंशांनी गार करून सुरुवात करा.

एक चौथी शक्यताही असते, जरी ती हँड मिक्सरने सहसा येत नाही. शक्तिशाली स्टँड मिक्सरमध्ये थंड भांडे वापरून फार वेळ फेसले, तर वजन ७५ ग्रॅमच्याही खाली उतरू शकते. अशा मिश्रणात हवा इतकी असते की बुडबुड्यांमधल्या भिंतींना पुरेसा मैदा आणि अंडे मिळत नाही. केक ओव्हनमध्ये झपाट्याने वर येतो, बाहेर काढल्यावर मध्यभागी खचतो आणि कापताना भुगा होतो. असे दिसल्यास बेकिंग पावडर कमी करण्याआधी फेसण्याचा वेळ दीड मिनिटाने कमी करून पाहा आणि कपातले वजन ८० ते ८५ ग्रॅमच्या दरम्यान ठेवा.